पगार वाढले, मध्यक घसरला: एका वार्षिक अहवालाचं प्रकरण

२०१८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. चाकणजवळच्या एका शेअर बाजारात नोंदलेल्या कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. मी तेव्हा त्या कंपनीच्या सेक्रेटेरियल विभागात होतो. संचालक मंडळाच्या अहवालाला जोडायचा पगाराचा तक्ता दरवर्षी माझ्याच हातून तयार व्हायचा.

अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, "आपण कर्मचाऱ्यांना सरासरी १० टक्के पगारवाढ दिली. कंपनीतला सरासरी वार्षिक पगार ९ लाखांवरून ९ लाख १८ हजारांवर गेला."

प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. याच कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, थोडे शेअर बाळगून असलेले. त्यांनी अहवालाच्या पानाला बोट लावून ठेवलं होतं. "साहेब, इथे लिहिलंय की कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगारात २६.७ टक्के घट झाली. तुम्ही म्हणता वाढ. मग पगार वाढले की कमी झाले?"

व्यासपीठावर कुजबुज झाली आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. दोन्ही आकडे मीच काढले होते, लेखापरीक्षकांनी तपासले होते आणि दोन्ही बरोबर होते. तरीही त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर त्या क्षणी मला देता आलं नाही. "दोन वेगवेगळ्या पद्धती आहेत" एवढंच म्हणालो. ते खाली बसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं, आणि होण्यासारखं मी काही बोललोही नव्हतो. त्या आठवड्यात मी पगारपत्रक पुन्हा उघडून बसलो. इथे सांगतोय ते त्यातून निघालेलं.

कंपनी ओळखू येऊ नये म्हणून आकडे मी बदलले आहेत आणि शेकडो माणसांची यादी ११ माणसांवर आणली आहे. हिशोब डोळ्यांसमोर राहावा हाही हेतू आहे. काय वाढलं, काय घटलं आणि का, ते मात्र तसंच ठेवलं आहे.

तक्ता येतो कुठून

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १९७, पोटकलम १२ असं सांगतं की नोंदलेल्या प्रत्येक कंपनीने तिच्या प्रत्येक संचालकाचं मानधन कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या किती पट आहे हे जाहीर करावं. तपशील २०१४ च्या नियमांमध्ये, पाचव्या नियमात आहेत. मध्यक पगार किती टक्क्यांनी बदलला, रोलवर कायम कर्मचारी किती, आणि व्यवस्थापकीय पदांवर नसलेल्या कर्मचाऱ्यांचे पगार सरासरी किती वाढले, हेही तिथे द्यावं लागतं. म्हणजे एकाच पानावर कायदा मध्यकही मागतो आणि सरासरी वाढही. दोन्ही मागितलं की चित्र आपोआप पूर्ण होईल, असा माझाही अनेक वर्षं समज होता.

मध्यक म्हणजे काय हे नियमातच दिलं आहे. सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे आणि मधला उचलायचा. आकड्यांची संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी घ्यायची. आपल्या शाळेच्या पुस्तकांत सरासरीला 'मध्य' म्हणतात आणि या दुसऱ्याला 'मध्यक'. एका अक्षराच्या फरकामुळे बऱ्याच जणांच्या डोक्यात हे दोन्ही कायमचे एक होऊन बसतात. म्हणून मी इथे एकाला सरासरीच म्हणतो आणि दुसऱ्याला मध्यक.

पहिलं वर्ष

रोलवरचे ११ जण आणि त्यांचे वार्षिक पगार, लाखांत:

३, ३, ४, ४, ५, ६, ६, ७, ८, १२, ४१

शेवटचे ४१ लाख कार्यकारी संचालकांचे. तेही रोलवर होते, म्हणून यादीत धरले होते. बेरीज ९९, भागिले ११, सरासरी ९ लाख. मधला, म्हणजे सहावा आकडा ६, म्हणून मध्यक ६ लाख.

या ११ जणांपैकी ९ लाख मिळवणारा एकही नाही. नऊ जण त्याच्या खाली आहेत, दोघे वर. "आमच्याकडे सरासरी पगार ९ लाख" हे वाक्य खरंच आहे, पण नोकरीसाठी आलेल्या मुलाने ते ऐकलं तर त्याच्या मनात जो पगार उभा राहील तो या कारखान्यात कुणालाच मिळत नव्हता. सरासरीचा दोष एवढाच की ती ज्या प्रश्नाचं उत्तर देते तो प्रश्न लोकांच्या मनात नसतो. पगाराचा सगळा पैसा सर्वांत सारखा वाटला असता तर प्रत्येकाला किती आले असते, हे ती सांगते. पगारखर्चाचं अंदाजपत्रक करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, कारण ९ ला ११ ने गुणलं की त्याला पूर्ण खर्च मिळतो. मध्यकाला माणसांच्या संख्येने गुणून काहीच हाती लागत नाही.

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं, आणि त्यावरून लोक एक सोपा नियम करून टाकतात की सरासरी फसवी आणि मध्यक खरा. सभेतल्या त्या प्रश्नाने हा नियम माझ्यापुरता मोडला. त्या वर्षी जास्त दिशाभूल केली ती मध्यकाने.

दुसऱ्या वर्षी काय घडलं

चार गोष्टी घडल्या. नवा वेतनकरार झाला आणि कार्यकारी संचालक सोडून रोलवरच्या प्रत्येकाचा पगार १० टक्क्यांनी वाढला. कार्यकारी संचालकांना नफ्यावर कमिशन होतं आणि नफा चांगला झाला, त्यामुळे त्यांचे ४१ चे ६० लाख झाले. दोन जुने हात निवृत्त झाले, एक ७ लाखांवरचा टर्नर आणि एक टूलरूमचा ८ लाखांवरचा सुपरवायझर. त्यांच्या जागा त्याच पगारावर भरल्या गेल्या नाहीत. आणि चौथी गोष्ट म्हणजे युनियनच्या कित्येक वर्षांच्या मागणीला यश येऊन चार कंत्राटी कामगार कायम झाले. कंत्राटदाराकडून त्यांना वर्षाला २ लाख मिळत. कायम झाल्यावर ३ लाख मिळू लागले.

आता रोलवर १३ जण:

३, ३, ३, ३, ३.३, ३.३, ४.४, ४.४, ५.५, ६.६, ६.६, १३.२, ६०

बेरीज ११९.३, भागिले १३, सरासरी ९.१८ लाख. सातवा आकडा ४.४, म्हणून मध्यक ४ लाख ४० हजार. ६ वरून ४.४, म्हणजे २६.७ टक्के घट.

या यादीतल्या एकाही माणसाचा पगार कमी झालेला नाही. जे रोलवर राहिले त्या प्रत्येकाला किमान १० टक्के जास्त मिळाले, आणि जे नव्याने आले त्यांना ५० टक्के. तरीही मध्यक चौथ्या हिश्श्याहून जास्त कोसळला, कारण मधल्या जागेवर आता दुसराच माणूस उभा होता. पहिल्या वर्षी रांगेच्या मध्यभागी सहा लाखांचा वेल्डर होता. खालून चार जण रांगेत आले, वरून दोघे गेले, आणि मध्य एका चार लाखांच्या मशीन ऑपरेटरवर सरकला. वेल्डर तिथेच आहे, त्याच्या खिशात ६ चे ६.६ लाख आहेत. रांगेत मात्र आता तो मधला राहिला नाही.

फिटर काकांना मी सभेत सांगायला हवं होतं ते हेच. मध्यक पगाराचं उतरणं म्हणजे मध्यावरच्या माणसाचा पगार उतरणं नव्हे. लोक ते तसंच वाचतात, वर्तमानपत्रंही तसंच छापतात, आणि तक्त्याखाली एक ओळ लिहून ते टाळायची संधी मी घेतली नव्हती.

अध्यक्षांच्या वाक्याचीही तीच तपासणी करू. सरासरी २ टक्क्यांनी वाढली हे खरं. पण कार्यकारी संचालकांना बाजूला ठेवलं तर उरलेल्या १० जणांची पहिल्या वर्षीची सरासरी ५.८ लाख होती आणि दुसऱ्या वर्षी उरलेल्या १२ जणांची ४.९४ लाख. म्हणजे जवळजवळ १५ टक्के घट. वर दिसलेली ती २ टक्के वाढ सगळीच्या सगळी एका माणसाच्या कमिशनमधून आली होती. आणि ही १५ टक्के घटही मध्यकाइतकीच फसवी आहे, कारण तीही नव्याने आलेल्या चौघांमुळे आणि निवृत्त झालेल्या दोघांमुळेच दिसते आहे.

गेटच्या आत किती जण

मला स्वतःला सर्वांत जास्त हलवलं ते पुढच्या हिशोबाने. पहिल्या वर्षी ते चार कंत्राटी कामगार कुठे होते? त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला. कायद्याचा तक्ता कायम कर्मचाऱ्यांच्या रोलवरून बनत होता, म्हणून ते माझ्या यादीत नव्हते. मी गेट पासांची नोंदवही मागवली आणि पहिल्या वर्षाची यादी पुन्हा मांडली. या वेळी १५ जण:

२, २, २, २, ३, ३, ४, ४, ५, ६, ६, ७, ८, १२, ४१

आठवा आकडा ४. म्हणजे शेडमध्ये खरोखर काम करणाऱ्या सगळ्यांना धरलं तर पहिल्या वर्षाचा मध्यक ६ लाख नव्हताच, तो ४ लाख होता. दुसऱ्या वर्षी शेडमधले सगळे रोलवरच होते आणि मध्यक ४.४. घट सोडाच, १० टक्क्यांची वाढ झाली होती.

एकच कारखाना आणि तीच दोन वर्षं. रोलवरून मोजलं तर मध्यक २६.७ टक्क्यांनी खाली, गेटवरून मोजलं तर १० टक्क्यांनी वर. मध्यक काढायची पद्धत दोन्ही वेळा तीच, गणितात कुठेही चूक नाही. बदललं ते एवढंच की कुणाला मोजायचं.

यातून हेही दिसतं की पहिल्या वर्षी छापलेला ६ लाखांचा मध्यक आधीच दिशाभूल करत होता, फक्त त्याने कुणाचं लक्ष वेधलं नाही. सर्वांत कमी पगाराची माणसं यादीबाहेर असल्यामुळे तो फुगलेला होता. ती माणसं आत आली आणि फुगवटा उतरला. कंपनीने त्या वर्षी केलेली सर्वांत चांगली गोष्ट तिच्याच अहवालात सर्वांत वाईट आकडा होऊन छापली गेली.

मग मी याच्या उलटही करून पाहिलं. समजा कंपनीने चौघांना कायम करण्याऐवजी पहिल्या वर्षीच्या रोलवरचे सर्वांत खालचे चौघे, ३, ३, ४, ४ लाखांचे, कंत्राटदाराकडे ढकलले असते आणि बाकी कुणालाही एक रुपयाची वाढ दिली नसती. रोलवर उरले असते सात जण: ५, ६, ६, ७, ८, १२, ४१. मध्यक ६ वरून ७, म्हणजे जवळजवळ १७ टक्के वाढ. सरासरी ९ वरून १२.१४, म्हणजे ३५ टक्के वाढ. चौघांचं नुकसान, बाकीच्यांना शून्य, आणि तक्त्यात दोन्ही आकडे एकसुराने प्रगती सांगतायत. सरासरी आणि मध्यक एकाच दिशेला गेले की माणूस निर्धास्त होतो, कारण त्याला वाटतं की एकाने दुसऱ्याची साक्ष काढली. इथे दोघेही एकाच अपुऱ्या यादीवर उभे आहेत, त्यामुळे त्यांची साक्ष एकाच साक्षीदाराची साक्ष आहे.

हेच देशाच्या पातळीवर: २०२० ची अमेरिका

हे फक्त छोट्या यादीत घडतं असं वाटू नये, म्हणून एक जाहीर नोंद असलेलं उदाहरण देतो. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत अमेरिकेत एका महिन्यात सुमारे २ कोटी ५ लाख नोकऱ्या गेल्या आणि बेरोजगारीचा दर १४.७ टक्क्यांवर पोचला. त्याच महिन्यात तिथल्या कामगार सांख्यिकी कार्यालयाने जाहीर केलेली सरासरी ताशी मजुरी एकदम १ डॉलर ३४ सेंटने वाढून ३०.०१ डॉलर झाली. हॉटेलं, दुकानं, सलून बंद झाली आणि कमी मजुरीची माणसं यादीतून गेली. जे घरून काम करू शकत होते ते बहुतेक जास्त पगाराचे, ते राहिले. कार्यालयाने स्वतःच तसा खुलासा त्याच निवेदनात केला होता.

इथे सरासरीने फसवलं, मध्यकाने सावरलं असतं, असं म्हणायला जागा नाही. पूर्णवेळ कामगारांच्या आठवड्याच्या कमाईचा मध्यक २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत १,००२ डॉलर होता, आदल्या वर्षीपेक्षा १०.४ टक्के जास्त. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत तो ९९० डॉलर झाला, म्हणजे १.२ टक्के कमी. नोकऱ्या परत येत असताना, हॉटेलं उघडत असताना मध्यक खाली आला. संकटात वर आणि सावरताना खाली. आमच्या कारखान्यात चौघे कायम झाले तेव्हा झालं तेच, फक्त माणसं कोट्यवधी.

वाढ म्हणजे कुणाची वाढ

पाचव्या नियमातल्या आठव्या बाबीकडे, म्हणजे व्यवस्थापकीय पदांवर नसलेल्यांच्या सरासरी वाढीकडे, परत येतो, कारण अध्यक्षांचे ते "सरासरी १० टक्के" तिथून आले होते. नियमाच्या मूळ इंग्रजी मजकुरात 'सरासरी पर्सेंटाइल वाढ' असे शब्द आहेत. पर्सेंटाइल म्हणजे खरं तर क्रमवारीतलं स्थान, पण सगळेच त्याचा अर्थ टक्केवारी असा घेतात, तो घेण्यावाचून गत्यंतरही नाही. पण टक्केवारी कशाची, हे उरतंच.

मी प्रत्येक माणसाची वाढ काढून त्यांची सरासरी घेतली होती. कार्यकारी संचालक सोडून जे आठ जण दोन्ही वर्षं रोलवर होते त्या प्रत्येकाला १० टक्के मिळाले, म्हणून उत्तर १० टक्के. हेच दुसऱ्या कुणी एकूण पगारखर्चावरून काढलं तर? कार्यकारी संचालक सोडून पहिल्या वर्षी ५८ लाख, दुसऱ्या वर्षी ५९.३ लाख. वाढ फक्त २.२ टक्के. आणि दरडोई काढलं तर मघाशी पाहिलेली १५ टक्के घट. तिन्ही आकडे त्या एकाच रकान्यात प्रामाणिकपणे भरता येतात. त्याच्याच शेजारी कार्यकारी संचालकांची वाढ ४६ टक्के आहे. तिच्यासमोर १० ठेवायचे की २.२, यावर वाचणाऱ्याचं मत बदलतं. वर्षाच्या मध्यात आलेल्या किंवा गेलेल्या माणसाचं काय करायचं हा आणखी एक प्रश्न. कुणी त्याला यादीतून वगळतं, कुणी त्याचा पगार बारा महिन्यांवर नेतं.

या तिन्हींत मला अजूनही पहिली पद्धत सर्वांत योग्य वाटते, कारण ती त्याच माणसांचा मागोवा घेते. कार्यकारी संचालकांना धरून दोन्ही वर्षं असलेल्या नऊ जणांचा मध्यक काढला तर तो ५ चा ५.५ होतो, बरोबर १० टक्के. माणसं तीच ठेवली की इथे कामगारांची सरासरी वाढ आणि मध्यकाची वाढ भांडत नाहीत. मात्र या पद्धतीला नव्याने कायम झालेले चौघे दिसत नाहीत, आणि त्या वर्षीची सर्वांत मोठी वाढ, २ चे ३ लाख, त्यांचीच होती. निवृत्त होऊन गेलेल्या चांगल्या पगाराच्या दोन जागा भरल्या गेल्या नाहीत, हेही तिला दिसत नाही. तरुण कामगाराच्या दृष्टीने तर तीच मोठी बातमी होती, कारण ज्या पायरीवर तो वीस वर्षांनी पोचणार होता ती पायरीच काढून घेतली होती.

मध्यकाची एक मर्यादा युनियनच्या सरचिटणीसांनी माझ्या लक्षात आणून दिली. ते म्हणाले, "साहेब, पुढच्या करारात आम्ही खालच्या चौघांना आणखी लाख रुपये मिळवून दिले, तर तुमच्या तक्त्यात काय दिसेल?" मी तिथेच कागदावर मांडलं. चार तिनांचे चार चार झाले. रांग झाली ३.३, ३.३, ४, ४, ४, ४, ४.४ आणि पुढे तसंच. सातवा आकडा ४.४. मध्यक तसूभरही हलला नाही. मग वरच्या टोकाला ६० च्या जागी ६०० लिहून पाहिले. तरीही ४.४. टोकाच्या आकड्यांनी मध्यक बिघडत नाही हा त्याचा गुण म्हणून पुस्तकात सांगतात. त्या दिवशी सरचिटणीसांसमोर तो गुण मला फार थोटका वाटला. त्यांनी ज्यांच्यासाठी लढायचं ठरवलं होतं ते मध्यकाच्या हिशोबी टोकाचेच होते.

कार्यकारी संचालकांचं गुणोत्तर पाहा. पहिल्या वर्षी ४१ भागिले ६, म्हणजे ६.८ पट. दुसऱ्या वर्षी ६० भागिले ४.४, म्हणजे १३.६ पट. एका वर्षात जवळजवळ दुप्पट. एका वृत्तपत्राने तेवढंच छापलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. पण गेटवरची यादी धरली तर पहिल्या वर्षीचं गुणोत्तर ४१ भागिले ४, म्हणजे १०.३ पट होतं. अंतर वाढलं हे खरंच, आणि ते कमिशनमुळे वाढलं. मात्र या वाढीतला सुमारे अर्धा भाग असा की आधीचं अंतर कमी दाखवलं गेलं होतं.

पुढच्या वर्षी काय छापलं

कंपनी सेक्रेटरींना मी हे सगळं दोन पानांत लिहून दिलं. कायद्याचा तक्ता आहे तसाच द्यावा लागतो, त्यात फेरफार करता येत नाही, पण त्याखाली टीप द्यायला कुणाची मनाई नाही. पुढच्या अहवालात आम्ही तीन ओळी दिल्या. मध्यकातल्या बदलापैकी किती बदल रोलवरची माणसं बदलल्यामुळे झाला. दोन्ही वर्षं रोलवर असलेल्यांचा मध्यक किती बदलला. आणि कंत्राटी कामगारांना धरून मध्यक किती. तिसऱ्या ओळीवर वित्त विभागाने बराच वाद घातला. कंत्राटदार किती पगार देतो हा आपला आकडा नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चुकीचं नव्हतं, कारण तो आकडा आम्हाला कंत्राटदाराच्या मस्टरवर विसंबून घ्यावा लागत होता. शेवटी 'कंत्राटदारांनी दिलेल्या माहितीनुसार' असे शब्द घालून ती ओळ राहिली.

आता मोठ्या एक हजार नोंदलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीचा शाश्वततेचा अहवाल बंधनकारक आहे. त्यात कायम नसलेले कर्मचारी आणि कामगार किती, हे वेगळं द्यावं लागतं, आणि मध्यक पगारही स्त्री-पुरुष असा वेगळा. कुठल्याही कंपनीचा मध्यक एकदम हलला की मी आता आधी तिथे जातो. कायम कर्मचाऱ्यांची संख्या आणि कायम नसलेल्यांची संख्या, दोन्ही वर्षांची, शेजारी मांडतो. एक वाढली आणि दुसरी घटली असेल तर मध्यकाचं हलणं पगाराबद्दल फारसं काही सांगत नाही, हे तिथेच कळतं. कंत्राटदार किती देतो हे मात्र तिथूनही कळत नाही.

पुढच्या सभेला फिटर काका आले होते. चहाच्या वेळी मी आपणहून त्यांच्याकडे गेलो, अहवाल उघडला आणि त्या तीन ओळी दाखवल्या. रांगेची गोष्ट त्यांना लगेच पटली. वेल्डरला ते ओळखत होते. तिसऱ्या ओळीवर ते थांबले, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "यात कँटीनची पोरं धरली का?"

धरली नव्हती. मी यादी उत्पादन विभागाच्या गेट पासांवरून बनवली होती. कँटीन, बागकाम आणि रखवालीच्या माणसांचे पास वेगळ्या वहीत असत आणि ती वही मागवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागवली. तिच्यात अठरा नावं होती.